तक्रारीसोबत जोडायचे परिणाम-निवेदन: काम, झोप आणि प्रकृतीवर झालेला परिणाम कसा लिहावा

कार्यालयातील छळाविरुद्ध लेखी तक्रार करायची ठरवल्यावर बहुतेक माणसे घडलेले प्रसंग लिहून काढतात आणि शेवटी एक वाक्य जोडतात: ‘या सर्व प्रकारामुळे मला प्रचंड मानसिक त्रास झाला आहे.’ चौकशी समितीसमोर हे वाक्य काहीही सिद्ध करत नाही. त्रास किती, कधीपासून, कशा स्वरूपाचा आणि तो कशावरून कळतो, हे सांगण्यासाठी तक्रारीला वेगळे जोडपत्र लावता येते. इंग्रजीत त्याला ‘इम्पॅक्ट स्टेटमेंट’ म्हणतात, मी त्याला परिणाम-निवेदन म्हणते. गेली काही वर्षे मी कर्मचाऱ्यांना अशा तक्रारी लिहायला मदत करते. हे निवेदन पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी त्याची पद्धत येथे एका प्रकरणाच्या आधारे मांडली आहे. प्रकरणातील व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पुण्याजवळच्या एका खासगी कारखान्याच्या लेखा विभागात ही बाई सहा वर्षे काम करत होती. जून २०२४ मध्ये विभागाला नवे प्रमुख आले. सोमवारच्या बैठकीत ते तिच्या चुका सर्वांसमोर वाचून दाखवत, ‘डोके घरी ठेवून येता का’ असे विचारत आणि रात्री दहानंतर फोन करून दुसऱ्या दिवशीच्या कामाचा हिशेब मागत. ऑगस्टमध्ये तिच्याकडचे जीएसटी विवरणपत्राचे कामही काही कारण न देता काढून घेण्यात आले. तिच्या तक्रारीत अशा अकरा घटना होत्या, प्रत्येकीला क्रमांक आणि तारीख होती, आणि ती तक्रार उत्तम लिहिलेली होती. परिणामांचा परिच्छेद मात्र तिने असा लिहिला होता: ‘साहेबांनी माझे जगणे मुश्कील केले आहे. रात्र-रात्र झोप लागत नाही, तब्येत पार ढासळली आहे, कामात लक्ष लागत नाही.’ यातला शब्दन् शब्द खरा होता. पण समितीतील सदस्याने ‘रात्र-रात्र म्हणजे किती रात्री?’ एवढेच विचारले असते, तर तिच्याकडे उत्तर नव्हते.

तक्रार आणि निवेदन यांची सीमा

काय घडले ते तक्रारीत सांगायचे आणि त्याने काय झाले ते निवेदनात. ही सीमा काटेकोरपणे पाळावी, कारण निवेदन लिहिताना मन भरून येते आणि तक्रारीत नसलेला एखादा नवा आरोप हातून सहज लिहिला जातो. नवा आरोप आला की समोरच्या व्यक्तीला त्यावर म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, चौकशी लांबते आणि ‘हे आधी का सांगितले नाही’ असा प्रश्नही उभा राहतो. लिहिता लिहिता विसरलेली घटना आठवलीच, तर ती आधी तक्रारीत क्रमांकासह घालावी आणि मग निवेदनात त्या क्रमांकाचा उल्लेख करावा. वरिष्ठांच्या स्वभावाविषयीची मतेही येथे नकोत. ‘ते विकृत मनोवृत्तीचे आहेत’ हे वाक्य आपल्यावर झालेला परिणाम सांगत नाही, शिवाय समितीचे लक्ष आपल्या त्रासावरून त्यांच्या बचावाकडे वळवते.

तक्रार कोणत्या मार्गाने जाणार आहे, हेही लेखणी उचलण्यापूर्वी ठरवावे. आपल्या देशात कामाच्या ठिकाणच्या सर्वसाधारण दमदाटीसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे अशी तक्रार बहुधा कंपनीच्या तक्रार निवारण धोरणानुसार किंवा सेवानियमांनुसार चालते. छळ लैंगिक स्वरूपाचा असेल तर महिला कर्मचाऱ्याला २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जाता येते. तेथे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते आणि समितीला सबळ कारण पटले तर ती आणखी तीन महिने वाढवता येते. त्याच कायद्याच्या कलम १५ नुसार भरपाई ठरवताना मानसिक आघात व यातना, हुकलेली बढतीसारखी संधी आणि शारीरिक किंवा मानसोपचाराचा खर्च विचारात घेतला जातो. तेथे परिणाम-निवेदनातील प्रत्येक तारखेला आणि पावतीला थेट महत्त्व असते. जातीवरून अपमान झाला असेल तर मार्ग पुन्हा निराळा असतो, आणि त्यासाठी वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

तारखा परत मिळवणे

निवेदन लिहायला बसण्यापूर्वी एक साधा तक्ता करावा. डावीकडे तक्रारीतील घटनेचा क्रमांक व तारीख लिहावी आणि पुढच्या तीन रकान्यांत त्या काळात कामात, झोपेत आणि प्रकृतीत काय झाले ते मांडावे. सुरुवातीला बहुतेक चौकटी रिकाम्या राहतात, कारण त्रासाच्या काळात नोंदी ठेवायचे कोणाला सुचत नाही. परंतु तारखा इतरत्र उमटलेल्या असतात. औषधाच्या दुकानात यूपीआयने दिलेले पैसे, डॉक्टरांची वेळ ठरवताना केलेला संदेश, रजेचा अर्ज, मस्टरवरील उशिराची खूण, रात्री बहिणीला केलेला फोन आणि मध्यरात्री स्वतःलाच पाठवलेला मेल, हे सगळे शोधता येते. या बाईला आपण डॉक्टरांकडे पहिल्यांदा कधी गेलो ते आठवत नव्हते. मोबाइलमध्ये औषधाच्या चिठ्ठीचा फोटो निघाला, त्यावर १३ ऑगस्ट ही तारीख होती, आणि तेथून पुढची सगळी साखळी जुळत गेली.

येथे एक चूक वारंवार होते आणि ती महागात पडते. आठवणीतून आज लिहिलेल्या नोंदी त्या-त्या दिवशी लिहिल्यासारख्या दाखवू नयेत. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेली ‘रोजनिशी’ ओळखू येते, आणि ती खोटी ठरली की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. ‘ही नोंद मी ५ सप्टेंबर रोजी आठवणीने व मोबाइलमधील संदेश पाहून तयार केली आहे’ असे सरळ लिहिले, तर त्या नोंदीचे वजन थोडे कमी होते, परंतु जेवढे उरते ते टिकाऊ असते.

कामावरील परिणाम

प्रत्येक परिणामाच्या आधी ‘पूर्वी कसे होते’ हे सांगावे लागते, कारण समितीला फरक दिसायला हवा. कामाच्या बाबतीत हे सर्वांत सोपे असते, कारण पूर्वीच्या कामाची मोजमापे कंपनीकडेच असतात. मागील वर्षीचे मूल्यमापन आणि कौतुकाचा एखादा मेल जोडावा. दुसऱ्या मसुद्यात या बाईने लिहिले ते असे:

‘जून २०२४ पर्यंत विक्रीच्या बिलांचा महिन्याचा मेळ मी साधारण दीड दिवसात पूर्ण करत असे. ८ जुलैच्या बैठकीनंतर (तक्रारीतील घटना क्र. २) मी प्रत्येक नोंद दोन-तीनदा तपासू लागले. जुलै आणि ऑगस्टच्या मेळाला मला प्रत्येकी तीन दिवस लागले. २१ ऑगस्ट रोजी एका पुरवठादाराचे बिल माझ्याकडून दोनदा नोंदवले गेले. ती चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी मीच ती शोधून दुरुस्त केली व तसे मेलने कळवले (जोडपत्र ३). सहा वर्षांत अशी चूक माझ्याकडून पूर्वी झाल्याचे माझ्या मूल्यमापनात कोठेही नमूद नाही.’

चूक कबूल करण्यास ती तयार नव्हती, आणि तिची भीती समजण्यासारखी होती: वरिष्ठ म्हणतील, पाहा, चुका होतातच. पण ती चूक वरिष्ठ मांडणारच होते. त्यांनी मांडली असती तर ती तिच्या अकार्यक्षमतेचा पुरावा ठरली असती. तिने स्वतः तारखेसह, आधीच्या सहा वर्षांच्या तुलनेत मांडल्यामुळे ती परिणामाचा पुरावा झाली. म्हणून काम घसरले असेल तर ते लपवू नये, कधीपासून घसरले ते दाखवावे. याच भागात टाळलेल्या गोष्टीही येतात. बैठकीत बोलणे बंद झाले, बढतीच्या अंतर्गत जागेसाठी अर्ज केला नाही, वरिष्ठ जेवणघरात असताना डबा जागेवरच खाल्ला, या गोष्टी कागदावर लहान दिसल्या तरी सोबत बसणारा माणूस त्यांची साक्ष देऊ शकतो.

झोप

झोपेविषयी ‘झोप लागत नाही’ हे तीन शब्द पुरेसे नसतात, कारण अंथरुणावर पडल्यावर दोन तास डोळा न लागणे, मध्येच जाग येऊन पुन्हा झोप न लागणे आणि पहाटे फार लवकर जाग येणे हे तीन वेगळे त्रास आहेत. डॉक्टरही ते वेगळे करून विचारतात. त्यासाठी दोन आठवडे रोज सकाळी उठल्यावर चार गोष्टी वहीत लिहाव्यात: अंथरुणावर कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली आणि कधी उठलो. रात्री घड्याळ पाहत बसू नये, त्याने झोप आणखी उडते. सकाळचा अंदाज पुरतो. मनगटावरील स्मार्ट घड्याळाची आकडेवारी जोडायला हरकत नाही, पण तिच्यावर मुख्य भिस्त ठेवू नये, कारण ते उपकरण स्वस्थ पडून राहण्यालाही कधी कधी झोप समजते.

या बाईने २ ते १५ सप्टेंबर अशी नोंद ठेवली. चौदापैकी नऊ रात्री तिची झोप पाच तासांहून कमी होती. ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी होती आणि ती रजा घेऊन गावी गेली होती. ७, ८ आणि ९ सप्टेंबर या तिन्ही रात्री ती सहा तासांहून अधिक झोपली. ‘ताई, त्या तीन रात्री काढून टाकू का? चांगली झोप लागली म्हटल्यावर माझा त्रास खोटा वाटेल,’ असे तिने विचारले. मी तिला त्या ठेवायलाच सांगितल्या, कारण संपूर्ण नोंदीत सर्वांत बोलक्या त्याच होत्या. कामापासून दूर असताना झोप परत येते आणि परतीच्या दिवशी पुन्हा जाते, ही चढउतार त्रासाचा कामाशी असलेला संबंध दाखवते. एका आकड्याने तो दिसत नाही. रविवारची रात्र आणि शुक्रवारची रात्र यांतील फरकही याच कारणाने वेगळा सांगावा.

प्रकृती आणि डॉक्टरांचा कागद

प्रकृतीच्या भागात आपल्याला जाणवलेले आपल्या शब्दांत लिहावे आणि निदान डॉक्टरांवर सोडावे. ‘छातीत धडधडते, हात गार पडतात, सोमवारी सकाळी घशाखाली घास उतरत नाही’ हे तुमचे म्हणणे आहे आणि ते तुमच्याइतके अधिकाराने कोणी सांगू शकत नाही. ‘मला डिप्रेशन आले आहे’ हे निदान आहे, आणि ते डॉक्टरांनी लिहिलेले नसेल तर पहिल्याच प्रश्नात कोसळते.

डॉक्टरांकडून प्रमाणपत्र मागताना ‘वरिष्ठांच्या छळामुळे आजार झाला असे लिहून द्या’ असा आग्रह धरू नये. कार्यालयात काय घडले ते डॉक्टरांनी पाहिलेले नसते. ते लिहू शकतात ते एवढेच: रुग्ण कोणत्या तारखांना आला, कोणत्या तक्रारी सांगितल्या, तपासणीत काय आढळले, कोणते उपचार दिले आणि रुग्णाने सांगितल्यानुसार हे कधीपासून सुरू झाले. चौकशीत असे मोजके प्रमाणपत्रच अधिक टिकते. म्हणून डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कामाच्या ठिकाणच्या ताणाविषयी मोकळेपणाने सांगणे महत्त्वाचे आहे, कारण केसपेपरवर त्या दिवशी लिहिलेली ती एक ओळ दोन महिन्यांनी घेतलेल्या प्रमाणपत्राहून मोलाची ठरते. आपले वैद्यकीय कागद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावेत असे अपेक्षित आहे, आणि ही मागणी लेखी करावी.

जुना आजार असेल किंवा त्याच काळात घरी दुसरी अडचण असेल, तर ती स्वतः सांगावी. या बाईला २०१९ पासून थायरॉइडची गोळी सुरू होती. तिने ती गोष्ट लपवली असती आणि वैद्यकीय विम्याच्या कागदांतून ती पुढे आली असती, तर ‘धडधड थायरॉइडची आहे’ असा युक्तिवाद झाला असता आणि तिला उत्तर देता आले नसते. तिने लिहिले: ‘मला २०१९ पासून थायरॉइडचा त्रास आहे. गोळीची मात्रा या काळात बदललेली नाही आणि ऑगस्ट २०२४ ची तपासणी सामान्य मर्यादेत आहे (जोडपत्र ५). रक्तदाबाचा त्रास मला पूर्वी नव्हता. १३ ऑगस्ट रोजी तो १५०/९६ आढळला आणि डॉक्टरांनी आठवडाभर मोजून पुन्हा येण्यास सांगितले.’ एका दिवसाच्या मापनावर तिने ‘मला उच्च रक्तदाब जडला’ असे लिहिले नाही, हे मला विशेष योग्य वाटते.

कागदाने सिद्ध न होणारी गोष्टही निवेदनात बसते, फक्त ती नेमकी असावी. तिच्या निवेदनात अशी एक होती: ‘रात्रीच्या फोनमुळे मी मोबाइलची रिंगटोन बदलली. तरीही कंपनीच्या बसमध्ये दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर जुनी रिंगटोन वाजली की माझ्या छातीत धस्स होते आणि मी पर्स घट्ट धरून बसते.’ समितीतील एका सदस्याने सुनावणीत याच ओळीविषयी विचारले, आणि तिला उत्तर शोधावे लागले नाही.

वैद्यकीय कागद जोडताना हे लक्षात असू द्यावे की निवेदनाची प्रत समोरच्या व्यक्तीच्याही हाती पडू शकते. म्हणून संपूर्ण केसपेपर, औषधांची पूर्ण यादी किंवा समुपदेशकाशी झालेले बोलणे जोडू नये. मुद्द्यापुरते प्रमाणपत्र जोडावे आणि ‘मूळ कागद समितीने मागितल्यास बंद लिफाफ्यात दाखवीन’ असे नमूद करावे. मानसोपचारासंबंधीची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिलेला आहे. आपण स्वतःच ती सर्वांच्या हाती दिली तर मात्र परत घेता येत नाही.

जीव नकोसा होण्याचे विचार मनात येत असतील, तर निवेदन बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते. ही गोष्ट निवेदनात लिहायची की नाही आणि कोणत्या शब्दांत, हे नंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावे. तक्रारीची मुदत जवळ आली असेल, तर तक्रार दाखल करून ‘परिणाम-निवेदन स्वतंत्रपणे सादर करीत आहे’ असे तीत लिहिता येते.

भाषा, लांबी आणि सादर करणे

अनेक कंपन्यांत कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून माणसे थेट इंग्रजीत लिहायला बसतात, आणि ‘धस्स होणे’, ‘घास न उतरणे’, ‘जीव टांगणीला लागणे’ यांच्या जागी कोणालाही लागू पडणारे दोन-चार गुळगुळीत शब्द येतात. आधी मराठीतच लिहावे. इंग्रजी लागत असेल तर भाषांतर करून घ्यावे, दोन्ही जोडावे आणि मूळ मराठी निवेदन ग्राह्य धरावे, असे शेवटी लिहून सही मराठी प्रतीवर करावी. सुनावणीत प्रश्न आले तर उत्तर आपण मराठीतच देणार असतो, आणि कागदावरचे शब्द तोंडी शब्दांशी जुळावे लागतात.

लांबी दोन पानांच्या आत ठेवावी. परिच्छेदांना क्रमांक द्यावेत, म्हणजे समितीला ‘परिच्छेद ४’ असे म्हणून विचारता येते. ‘त्यामुळे’ हा शब्द जपून वापरावा. जेथे फक्त क्रम ठाऊक आहे तेथे ‘त्यानंतर’ लिहावे आणि संबंध तारखांना बोलू द्यावा. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘पूर्णपणे’ हे शब्द दिसले की थांबून त्यांच्या जागी संख्या टाकता येते का ते पाहावे. नवरा, आई किंवा खोलीवरची मैत्रीण यांनी रात्रीची अवस्था पाहिली असेल, तर त्यांचे चार ओळींचे सही केलेले स्वतंत्र निवेदन जोडता येते. त्यात त्यांनी फक्त स्वतः पाहिलेले लिहावे, तुमच्याकडून ऐकलेले नाही.

शेवटच्या परिच्छेदात आपल्याला काय हवे ते लिहावे, आणि प्रत्येक मागणी वर सांगितलेल्या एखाद्या परिणामाशी जुळलेली असावी. या बाईने तीन मागण्या केल्या: चौकशी संपेपर्यंत कामाचा अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याला देण्याची मुभा, रात्री आठनंतर कामाचे फोन बंद, आणि आजारपणात खर्ची पडलेली सहा दिवसांची रजा परत जमा. उपचारांचा खर्च मागायचा असेल तर पावत्यांची बेरीज तक्रारदारानेच करून द्यावी.

निवेदन लिहून झाल्यावर एक रात्र तसेच ठेवावे आणि सकाळी मोठ्याने वाचावे. वाचताना जे वाक्य समितीसमोर म्हणायला जीभ अडखळेल, ते बदलावे. प्रत्येक पानावर सही, तारीख आणि पृष्ठक्रमांक घालावा. प्रत्यक्ष देत असाल तर आपल्या प्रतीवर पोच घ्यावी, मेलने पाठवत असाल तर स्वतःची प्रत वैयक्तिक मेलवरही ठेवावी, कारण नोकरी सुटली की कार्यालयाचा मेल त्याच दिवशी बंद होऊ शकतो. कंपनीचे गोपनीय हिशेब किंवा ग्राहकांची माहिती मात्र वैयक्तिक मेलवर कधीही पाठवू नये. तसे केल्यास त्या वेगळ्या कारणाने तुमच्यावरच कारवाई सुरू होऊ शकते.

चौकशी चालू असताना त्रास वाढला किंवा कमी झाला, तर मूळ निवेदनात खाडाखोड न करता ‘पूरक निवेदन’ म्हणून एक पान द्यावे आणि त्यात फक्त नव्या तारखा लिहाव्यात. या बाईने ऑक्टोबरमध्ये असे एक पान दिले. अहवाल देण्याची व्यवस्था बदलल्यानंतरच्या दोन आठवड्यांत पाच तासांहून कमी झोपेच्या रात्री नऊवरून तीनवर आल्याचे त्यात होते, आणि त्या तीनपैकी दोन रविवारच्या होत्या.